टाकी धुण्याच्या सूचनेवरून घरात वाद

सोसायटीचा_सचिव: ग्रुपवर मी लिहिलं: 'टाकीची साफसफाई करण्यात येणार असल्याने उद्या १० ते २ या वेळेत पाणीपुरवठा खंडित राहील, याची सभासदांनी नोंद घ्यावी.' मुलगा म्हणतो, हे सरकारी वाटतं. त्याचं असं: 'उद्या टँक क्लीनिंग आहे सो १० टू २ वॉटर नसेल.' कोणतं बरं?

निवृत्त_मास्तर: तुमचंच. मराठी लिहायचं तर मराठीच लिहावं. इंग्रजी शब्द नकोच.

खडूफळा: मास्तर, 'सोसायटी'ला काय म्हणायचं मग? शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणूनच. तरी 'अर्ज' आणि 'तारीख' अजून आपल्याकडेच आहेत.

तळमजला_२: आमच्याकडे लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. 'टाकी' की 'ताकी' तेच कळत नाही. त्यावर बोला ना कुणीतरी!

मुद्रितशोधक: ते दुखणं वेगळं. इथे मला दोन्ही नापास वाटतात. मुलाच्या वाक्यात 'टँक' खटकत नाही, 'सो' आणि 'टू' खटकतात. इंग्रजी नाम मराठी प्रत्यय घेऊन मुकाट बसतं: मीटिंगला, लिफ्टमध्ये. वाक्य जोडणारे बारके शब्द मात्र बाहेरचे आले की सांधा दिसतो. आणि 'वॉटर' कशाला? नळाला येतं ते पाणीच.

सचिवांच्या वाक्यात इंग्रजी एकही शब्द नाही, पण 'करण्यात येणार' मध्ये करणारा गायब आहे. टाकी धुताना ते चालून जातं. उद्या 'पंप दुरुस्त करण्यात येईल' लिहाल, तेव्हा लोक विचारतील, कोण करणार? मी असं लिहीन: 'उद्या टाकी धुणार आहोत. सकाळी १० ते दुपारी २ पाणी येणार नाही. आधीच भरून ठेवा.'

खडूफळा: म्हणजे नामं चालतात, क्रियापदं नाही.

मुद्रितशोधक: अर्धं बरोबर. 'फॉरवर्ड कर', 'डिलीट झालं' रोज म्हणतोच की. फक्त 'करणे-होणे' आपलं लागतं.

निवृत्त_मास्तर: 'भरून ठेवा' म्हणजे हुकूम. 'ठेवावे' यात अदब आहे.

मुद्रितशोधक: नोटीस बोर्डावर 'ठेवावे' लावा. ग्रुपवर शेजारी शेजाऱ्याशी बोलतोय.

माहेरवाशीण: माझी आई गेली तेव्हा भाच्याचा मेसेज आला: 'सॅड न्यूज, टेक केअर मावशी.' वाईट वाटलं. पण शेजारच्या काकांचं 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो'ही तितकंच कोरडं. धाकट्या नणंदेने लिहिलं, 'वहिनी, डबा घेऊन येते, तुम्ही काही करू नका.' तेवढंच लक्षात राहिलं.

सोसायटीचा_सचिव: मुद्रितशोधकांचं वाक्य टाकलं. दोघांनी अंगठा दिला, एकाने विचारलं, 'किती वाजता?' असो. शिवाय घरात नवा वाद: मी म्हणतो 'ईमेल आला', मुलगा म्हणतो 'आली'.

तळमजला_२: आली.

निवृत्त_मास्तर: आला!