मदत हवी आहे: मायोकार्डायटिसनंतर खेळ पुन्हा कधी?

माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा, फुटबॉल खेळतो. व्हायरल ताप-जुलाब झाले आणि आठवड्याभरात छातीत दुखायला लागलं. ट्रोपोनिन वाढलेलं, रक्तवाहिन्या मोकळ्या, एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज, म्हणजेच मायोकार्डायटिस. डॉक्टर म्हणाले, बहुधा कॉक्सॅकीसारखा विषाणू. कोविडनेही असं होतं. 3 ते 6 महिने दमवणारा व्यायाम बंद.

आता काहीच त्रास नाही, म्हणून मैदानावर जायचा हट्ट धरून बसलाय. बरं वाटलं तरी सूज किंवा व्रण उरलेला असू शकतो, आणि जोर पडला की तिथूनच ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं, हे त्याच्या गळी उतरत नाही. फार काळजी वाटते.

यातून गेलेल्यांनी कृपया सांगा: खेळायची परवानगी देण्याआधी होल्टर, स्ट्रेस टेस्ट, एमआरआय पुन्हा केल्या का? तोवर साधं चालणं कितपत चालू दिलं?