मदत हवी आहे : भिंत वाढली तरी लोराचा आरएसएसआय -११२ च्या खाली जातच नाही, पॅकेट मात्र गायब होतायत

गच्चीवरची_अँटेना
नमस्कार मंडळी, ईटीसीचं शेवटचं वर्ष आहे, प्रोजेक्टमध्ये हॉस्टेलच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची लेव्हल मेन बिल्डिंगच्या लॅबमध्ये आणायचीय. एसएक्स१२७६ चे दोन मॉड्यूल, ८६६ मेगाहर्ट्झ, एसएफ७, बँडविड्थ १२५, पॉवर १४ डीबीएम. नकाशावर अंतर ४२० मीटर. मधे पार्किंगच्या कडेने जुन्या रेन ट्रीची रांग, साधारण ३० मीटर जाडीची.

सरांनी सांगितलंय की नुसतं चालतंय म्हणून दाखवू नका, भिंत किती खाते झाड किती खातं ते मोजून आणा. म्हणून रिसीव्हर लॅपटॉपला लावून फिरले, प्रत्येक जागी २०० पॅकेट. तिसऱ्या मजल्यावर उघड्या खिडकीत आरएसएसआय -७९, एसएनआर ९, सगळी आली. तळमजल्याच्या कॉरिडॉरमध्ये झाडांच्या मागे -१११, एसएनआर -२, चार गेली. कॉरिडॉरलाच लागून स्टोअर आहे, मधे नऊ इंची विटांची भिंत, तिथे -११२, एसएनआर -७ आणि ६१ गेली!

एवढी जाड भिंत फक्त एक डीबी खाते हे मला पटतच नाहीये, आणि एका डीबीत ६१ पॅकेट कशी जातील? दुसरं म्हणजे खिडकी आणि कॉरिडॉर यांच्यात ३२ चा फरक आहे, तो सगळा झाडांच्या नावावर लिहू का? पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे, प्लीज.

सोल्डरगन
एसएफ१२ लाव, विषय संपला. पॉवर पण २० कर. माझ्याकडे दोन भिंती पार करून येतंय.

गच्चीवरची_अँटेना
दादा, पॅकेट पोचवायचं हा अर्धा भाग झाला. भिंतीचा आकडा त्याने कसा मिळणार?

द्राक्षबाग_नाशिक
मी पण लोराच वापरतो, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर चालू बंद करायला. माझं तर २०० मीटरवरच मरतंय आणि मधे झाड एक नाही, नुसती बाग. तुमचं ४२० ला येतंय म्हणजे नशीब. मी मॉड्यूल ८६८ चं घेतलंय, वायरची अँटेना स्वतः कापली १७ सेमीची, एका व्हिडिओत बघून. बागेच्या तारा सिग्नल खातात का हो?

जुना_रेडिओवाला
ताई, तुमची शंका बरोबर आहे, भिंत एक डीबी खात नाहीये. मोजमाप फसतंय.

या चिपमधे आरएसएसआय म्हणजे त्या क्षणी अँटेनातून जी काय एकूण ताकद आत येतेय ती, तुमचं पॅकेट आणि गोंगाट दोन्ही मिळून. सिग्नल गोंगाटापेक्षा मोठा असेल तोवर आकडा सिग्नलचाच दिसतो. सिग्नल गोंगाटाखाली गेला की आकडा गोंगाटावर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही, तुम्ही आणखी चार भिंती घाला. लोराची गंमत हीच की तो गोंगाटाखालचं पण वाचतो, एसएफ७ ला साधारण -७.५ एसएनआरपर्यंत. तुमचं स्टोअर -७ वर आहे म्हणजे अगदी कड्यावर उभं आहे, म्हणून ६१ गेली.

एसएनआर उणे असेल तेव्हा तो आरएसएसआयमधे मिळवायचा असं डेटाशीटमधेच आहे. अर्डुइनोची नेहमीची लायब्ररी हे करत नाही, कच्चा आकडा देते.

```
float r = LoRa.packetRssi();
float s = LoRa.packetSnr();
if (s < 0) r = r + s;
```

आता कॉरिडॉर -११३ आणि स्टोअर -११९. भिंतीचे सहा डीबी, विटांच्या भिंतीला शोभेल असा आकडा आहे. तरी हा कमीत कमी धरा, कारण जी ६१ पोचलीच नाहीत ती सगळ्यात कमजोर होती आणि सरासरीत ती नाहीतच. आकड्याशेजारी २०० पैकी किती आली ते लिहिल्याशिवाय तक्ता देऊ नका.

सोल्डरगनचं एसएफ१२ इथे कामाचं आहे, पण मोजायला. -२० एसएनआरपर्यंत वाचता येतं, मग स्टोअरमधे पण सगळी पॅकेट मिळतील आणि हा गाळण्याचा घोटाळा जाईल. मात्र २० बाइटचं पॅकेट एसएफ७ ला ५७ मिलिसेकंदात जातं ते एसएफ१२ ला सव्वा सेकंदाच्या वर घेतं, त्यामुळे टाकीच्या रोजच्या कामाला मी ते ठेवणार नाही.

नाशिककर, १७ सेमी हे ४३३ चं माप आहे. ८६८ ला ८.६ सेमी कापा, तारांचा विचार नंतर.

सोल्डरगन
हे मिळवायचं असतं हे खरंच माहीत नव्हतं. पण मग खिडकीत -७९ का? मोकळ्या हवेचा हिशोब केला, अँटेना दोन दोन डीबीआयच्या धरून -६६ यायला पाहिजे. १३ कुठे गेले? अँटेना ढिली असणार.

गच्चीवरची_अँटेना
अँटेना बदलून बघितल्या, फरक नाही. खिडकीतून गच्ची सरळ दिसते, झाडांचे शेंडे रेषेच्या दोनएक मीटर खाली आहेत.

जुना_रेडिओवाला
इथेच आहे ते. डोळ्याला दिसतं म्हणजे रेडिओला मोकळं असं नाही. ४२० मीटरला या फ्रिक्वेन्सीवर मधोमध रेषेभोवती सहा मीटरचा घेर लागतो, त्यातला निदान साडेतीन मीटर रिकामा पाहिजे. तुमचे शेंडे दोनवरच आहेत. शिवाय खिडकीला लोखंडी ग्रिल असेल तर तेही धरा. १३ त्यातच गेले असावेत, नेमकी वाटणी मी इथून सांगू शकत नाही.

झाडांच्या ३२ चं, आता मिळवून ३४, ते अजिबात लिहू नका. त्यात तिसऱ्या मजल्यावरून जमिनीवर येणं आहे, बिल्डिंगचा कोपरा आहे. पानांच्या जाडीचं जे जुनं वाइसबर्गरचं सूत्र आहे त्याने ३० मीटरला नऊ साडेनऊ डीबी येतात. तुम्ही तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच उंचीवर पण झाडं मधे नसलेली जागा शोधा आणि तिथे मोजा. आणि एका जागी उभं राहून नको, मीटरभराच्या आत वीतवीतभर सरकत आठ दहा जागा घ्या, १७ सेमी हललं तरी आकडा पाच सात डीबीने उडी मारतो.

गच्चीवरची_अँटेना
काल संध्याकाळी केलं. मैदानाच्या बाजूला काठीवर दीड मीटर उंचीला, अंतर ४२० च्या जवळपास, दहा जागांचा मधला आकडा -९८. कॉरिडॉरच्या बाहेर झाडांमागे तसाच दहा जागांचा -११२, मिळवलेला. म्हणजे झाडांचे १४. सूत्रापेक्षा जास्तच येतायत, पार्किंगचे पत्रे पण त्याच रेषेत आहेत त्यामुळे असेल का? स्टोअर एसएफ१२ वर २०० पैकी २०० आली, भिंत आठ डीबी निघाली.

द्राक्षबाग_नाशिक
८.६ ला कापली, मोटर चालू झाली हो! काका, खूप खूप आभार.

जुना_रेडिओवाला
पत्रे असू शकतात, खोडं पण. पत्र्याच्या टोकापलीकडे सरकून त्याच झाडांमागे एकदा बघा.

गच्चीवरची_अँटेना
बघते. एक राहिलंच, परवा पाऊस झाल्यावर झाडांमागचा आकडा आणखी चारने पडला होता, दुपारी ऊन आल्यावर परत वर आला. ओली पानं की गच्चीवरच्या डब्यात ओल जातेय?

जुना_रेडिओवाला
पाऊस थांबल्याथांबल्या मैदानावर पण मोजा. तिथे पण चारने पडला तर आधी डबा उघडा.