मदत हवी आहे: बाबांच्या पश्चात दुकानाची सूचना

म्हापशात आमचं हार्डवेअरचं दुकान. बाबांनी उभं केलं, गेल्या आठवड्यात ते गेले. मालकी त्यांच्या एकट्याची, म्हणून जीएसटी नंबरही त्यांच्या पॅनवर. वारस म्हणून मला नवा घ्यावा लागेल. पुरवठादारांकडे बाबांच्या सहीचे पुढच्या तारखांचे चेक आहेत, ते आता वटणार नाहीत. माझी सगळ्यात मोठी काळजी तीच, बाबांचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

मसुदा असा: ‘आमच्या दुकानाचे संस्थापक यांचे दुःखद निधन झाले. दुकान सुरू आहे, घेतलेल्या ऑर्डरी पूर्ण होतील. जुन्या खात्यात पैसे भरू नयेत. जुने चेक बँकेत न टाकता आमच्याकडे आणावेत, नवीन देऊ.’

नवा नंबर मिळेपर्यंतच्या बिलांबद्दल यात काय लिहावं? कुणी अशी सूचना काढली असेल तर कृपया सांगा.