परिषदेच्या सात कॅप्शनबाबत

सी-४०२: सर्वांना नमस्कार. पुढच्या शनिवारी, १४ तारखेला, क्लब हाऊसमध्ये होणाऱ्या लघुउद्योजक परिषदेसाठी उद्यापासून इन्स्टाग्रामवर रोज एक टाकायच्या सातही कॅप्शन वाचल्या. सातही ठिकाणी ‘आता इतकेच दिवस उरले, त्वरा करा’ एवढाच मजकूर असून फक्त आकडा बदललेला आहे. गेल्या वर्षीही असेच झाले, आणि आदल्या रात्री पत्ता विचारणारे सगळे फोन मला घ्यावे लागले.

ए-१०१: पार्किंगचे पहिल्याच दिवशी लिहा, अशी माझी विनंती आहे.

सचिव: ताई, कॅप्शन मी रात्री जागून लिहिल्या आहेत. सूचना आधी आल्या असत्या तर बरे झाले असते.

सी-४०२: आपल्या कष्टांबद्दल आदरच आहे. अडचण अशी, की इन्स्टाग्राम पोस्ट त्याच दिवशी दाखवेल याची खात्री नसते. बुधवारची ‘तीन दिवस उरले’ ही पोस्ट कोणी शुक्रवारी पाहिली, तर परिषद सोमवारी आहे असे त्याला वाटेल. म्हणून प्रत्येक कॅप्शनच्या पहिल्या ओळीत ‘शनिवार, १४ तारीख’ हवेच, कारण पुढचा मजकूर ‘आणखी’वर टिचकी मारल्याशिवाय दिसत नाही.

बी-२०३: सहमत. नोंदणीची लिंकही कॅप्शनमध्ये टाकून उपयोग नाही, तिथे ती उघडत नाही. ती प्रोफाइलवर ठेवावी.

ए-१०१: पार्किंगचा मुद्दा राहून गेला आहे.

सी-४०२: काका, तो येतोच आहे. उद्याच्या शनिवारी परिषद कशासाठी आहे ते शांतपणे सांगू. रविवारी वक्त्यांचा परिचय देऊ. सोमवारी मात्र थेट प्रश्न विचारावा: ‘दिलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांत मिळाले का?’ वर्कशॉप चालवणारा माणूस तिथेच थांबेल.

खजिनदार: येथे सावधपणे लिहावे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यात लेखी करार असला तरी पैसे देण्यासाठी ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे, पण ती सूक्ष्म आणि लघू उत्पादक व सेवा पुरवठादारांसाठी. आपल्या गाळ्यांतील दुकानदारांना उद्यम नोंदणी करता येते, तरी या तरतुदीचा लाभ मिळत नाही. तेच उद्या आपल्याला जाब विचारतील.

सचिव: मग ‘उत्पादक व सेवा व्यावसायिकांसाठी’ असे शब्द घालतो. मंगळवारी काय?

सी-४०२: मंगळवारी गेल्या वर्षी आलेल्या एखाद्या उद्योजकाचे त्याच्याच शब्दांतले दोन वाक्यांचे मनोगत, अर्थात त्याची परवानगी घेऊन. बुधवारी वेळापत्रक, गुरुवारी उरलेल्या जागांचा खरा आकडा. जागा भरपूर असतील तर ‘शेवटच्या काही जागा’ असे लिहू नये. लोक हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या पाहतात.

ए-१०१: आणि पार्किंग?

सी-४०२: शुक्रवारी, काका. त्या दिवशी उत्साहाचे एकही वाक्य नको. मागचे गेट, दुचाकी कुठे लावायची, चारचाकी आत येणार नाही, आणि सकाळी साडेनऊला नोंदणी टेबल. ही कॅप्शन आपणच लिहून द्यावी.

ए-१०१: लिहितो. मागच्या गेटची किल्ली वॉचमनकडे नसते, हे सचिवांनी आधी पाहावे.