मदत हवी आहे: एसॉप योजनेबद्दल स्टाफसमोर पाच मिनिटं बोलायचंय

जमाखर्च_भोसरी:
शुक्रवारी दुपारी स्टाफसमोर एसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर द्यायची योजना, जाहीर करायचं आहे. फायनान्स माझ्याकडे, म्हणून बोलायचंही मीच. फायद्यांचा भाग लिहून झालाय: दहा रुपयांत शेअर, कंपनी वाढली की तुमचाही वाटा वाढेल वगैरे. जोखमीचा भाग अडलाय. एमडी म्हणतात लोकांना घाबरवू नका, एचआर म्हणते सगळं सांगा. कुणाकडे मसुदा असेल तर टाका. मराठीतच हवा, अर्धे लोक शॉप फ्लोअरचे आहेत. जरा लवकर.

ताळेबंद:
एवढ्यावर मसुदा होणार नाही. कंपनी लिस्टेड आहे की प्रायव्हेट? शेअर लगेच देताय की ऑप्शन? व्हेस्टिंग, म्हणजे ऑप्शन वापरायचा हक्क कधी आणि किती मिळतो, ते कसं आहे? दहा रुपये ही एक्सरसाइज प्राइस, म्हणजे ऑप्शन वापरून शेअर घेताना भरायची किंमत, मग आज शेअरची किंमत किती धरलीय? नोकरी सोडली तर किती दिवसांची मुदत? आणि लोकांचे पगार साधारण किती? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

शनिवारवाडा७७:
यात जोखीम कसली हो? दहाचा शेअर दहाला मिळतोय. शेअर विकेपर्यंत टॅक्स नाही आणि स्टार्टअप असेल तर तोही माफ. "घाबरू नका, फायदाच आहे" एवढं बोला आणि खाली बसा.

ताळेबंद:
शनिवारवाडा, विकल्यावर कर लागतो हे बरोबर, पण तो दुसरा कर. पहिला कर ऑप्शन एक्सरसाइज करून शेअर नावावर आले की लागतो. एक्सरसाइज केल्या दिवशीची बाजारभावाची किंमत वजा भरलेली किंमत, हा फरक पगारात धरतात आणि कंपनी त्यावर टीडीएस कापते. हातात रोख आलेली नसते. स्टार्टअपची सवलत फक्त आयकरासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्यांना आहे. त्यातही कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. शेअर विकले किंवा नोकरी सोडली की लगेच द्यावा लागतो.

जमाखर्च_भोसरी:
प्रायव्हेट लिमिटेड, ऑटो पार्ट्स. प्रमाणपत्र वगैरे नाही. ऑप्शन आहेत, चार वर्षं, दरवर्षी 25 टक्के. सुपरवायझर लेव्हलला प्रत्येकी 1000. मर्चंट बँकरने किंमत 210 काढलीय. राजीनाम्यानंतर 90 दिवस. पगार सात ते बारा लाख. यातलं भाषणात काय घेऊ?

हिंजवडी_फेज२:
माझ्याकडे अमेरिकन पेरेंट कंपनीचे आरएसयू आहेत. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात का? अजून एकही विकलेला नाही.

ताळेबंद:
हिंजवडी, विकले नसले तरी दाखवावे लागतात. वेगळा धागा काढा, तिथे नीट लिहितो.

जमाखर्च, तुमच्या आकड्यांवरच हिशोब करू. नवी करप्रणाली, 2025-26 चे दर. पगार बारा लाख. 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र 11 लाख 25 हजार, म्हणजे बारा लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे कर शून्य. हा माणूस चार वर्षं थांबला आणि 1000 ऑप्शन एकदम एक्सरसाइज केले, तर 200 गुणिले 1000, असे दोन लाख पगारात धरले जातात. करपात्र 13 लाख 25 हजार. बारा लाख ओलांडल्यामुळे रिबेट पूर्ण जाते आणि कर उपकरासह 81,900 होतो. शेअरचे दहा हजार धरून खिशातून 91,900 गेले, आणि बदल्यात जे शेअर मिळाले त्यांना आज गिऱ्हाईक नाही.

तोच माणूस दरवर्षी 250 एक्सरसाइज करेल, तर वर्षाला 50 हजारच पगारात धरले जातात. करपात्र 11 लाख 75 हजार, कर शून्य. किंमत आणि पगार तेवढेच राहिले असं धरून हं. किंमत वाढत गेली तर 250 वरही हद्द ओलांडेल, म्हणून दरवर्षी नव्याने हिशोब करावा लागेल. सात लाखवाल्याने हजार एकदम घेतले तरी करपात्र 8 लाख 25 हजार, त्याला कर नाही. म्हणजे झळ बाराच्या आसपासच्यांना बसते. तुमचे बहुतेक सुपरवायझर तिथेच असणार.

शनिवारवाडा७७:
हे माहीत नव्हतं. पण किंमत पडली तर भरलेला टॅक्स परत मिळेल ना?

ताळेबंद:
नाही. वरच्या उदाहरणात शेअर 80 रुपयांना विकावे लागले तर हातात 80 हजार येतात आणि गेलेत 91,900. विक्रीच्या हिशोबात खरेदीची किंमत 210 धरतात, म्हणून कागदावर 1 लाख 30 हजारांचा भांडवली तोटा दिसतो, पण तो पगारातून वजा होत नाही. पुढच्या आठ वर्षांत भांडवली नफा झाला तरच उपयोग.

कोथरूड_एचआर:
राजीनाम्याचा मुद्दा इथेच जोडा. 90 दिवसांत सगळे व्हेस्ट झालेले ऑप्शन घ्या किंवा सोडा, असं झालं की माणूस एकदम घेतो आणि नेमका याच करात अडकतो. व्हेस्ट न झालेले तर राजीनाम्याबरोबर रद्दच होतात. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर मात्र सगळे ऑप्शन त्याच दिवशी वारसांचे होतात. हे कायद्यातच आहे आणि लोकांना सांगण्यासारखं आहे.

पिंपरीचे_काका:
मी म्हणतो हे कशाला? त्यापेक्षा दिवाळीला जास्त बोनस द्या. कामगाराला हातात पैसे कळतात.

कोथरूड_एचआर:
काका, योजना ठरलीय. प्रश्न भाषणाचा आहे.

ताळेबंद:
घ्या मसुदा. सावकाश वाचलात तर दोन मिनिटं, बाकी वेळ प्रश्नांना ठेवा.

"मंडळी, आजपासून आपल्यापैकी काही जणांना कंपनीचे शेअर दहा रुपयांत घेण्याचा हक्क मिळतोय. शेअर आज मिळत नाहीत. पहिला पाव हिस्सा एक वर्षाने, मग दरवर्षी तेवढेच. आज तज्ज्ञांनी एका शेअरची किंमत 210 काढली आहे. कंपनी चांगली चालली तर ती वाढेल आणि तो फायदा तुमचा. नाही चालली तर ती दहाच्या खालीही जाऊ शकते. तेव्हा शेअर घेऊ नका, तुमचं काही जाणार नाही.

घ्यायचे ठरवलेत तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. घेतल्याबरोबर फरकावर आयकर लागतो, विकायच्या आधी. हे शेअर बाजारात विकता येत नाहीत, गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसे अडकतात. आणि नोकरी सोडलीत तर 90 दिवसांत निर्णय घ्यावा लागेल. म्हणून दरवर्षी मिळतील तेवढे घ्यायचे की थांबायचं, हे पगारावरून ठरतं. घेण्याआधी अकाउंट्समध्ये या, तुमचा आकडा आम्ही काढून देऊ. कर्ज काढून मात्र कुणीही शेअर घेऊ नका."

जमाखर्च_भोसरी:
खूप आभार. एमडींना "दहाच्या खाली" खटकेल, पण मी ठेवणार आहे. त्यांना कंपनीने शेअर परत विकत घेण्याबद्दल एक वाक्य घालायचंय: "दोन-तीन वर्षांत कंपनी बायबॅक करेल." घालू का?

ताळेबंद:
बोर्डाने ठराव केला नसेल तर अजिबात नाही. फायनान्सच्या माणसाच्या तोंडून गेलं की लोक ते वचन धरतात आणि त्या भरवशावर कर भरतात.

कोथरूड_एचआर:
मला हे टोकाचं वाटतं. बाहेर पडायचा रस्ताच सांगितला नाही तर कुणी घेणार नाही. "बोर्ड बायबॅकचा विचार करेल, तारीख ठरलेली नाही" एवढं म्हणायला काय हरकत आहे?

ताळेबंद:
तारीख ठरलेली नाही हे कुणाच्या लक्षात राहत नाही, बायबॅक राहतो.

जमाखर्च_भोसरी:
उद्या एमडींशी बोलतो. अजून एक: डीमॅट खातं सगळ्यांना लागेल ना? निम्म्या लोकांकडे नाहीये.

ताळेबंद:
कंपनी लहान कंपनीच्या व्याख्येत बसत नसेल तर शेअर डीमॅटमध्येच द्यावे लागतात. भागभांडवल आणि उलाढाल किती?