ऑडिट हेडच्या अप्रेझलवर सही कुणाची?

हिशेबी_उद्यमबाग: आमच्या फाउंड्रीला यंदा ऑडिट कमिटी लागू झाली, आता इंटर्नल ऑडिटचा चार्टर करा म्हणतात, म्हणजे त्या खात्याचं काम आणि अधिकार लिहून ठेवणारा कागद. उगाच पाल्हाळ कशाला? 'ऑडिट हेड कामाच्या बाबतीत कमिटीला आणि प्रशासकीय बाबतीत एमडींना रिपोर्ट करतील' एवढी ओळ टाकली की स्वातंत्र्य आलंच की. अप्रेझल, पगारवाढ एमडी बघतील, रिपोर्ट त्यांच्याशी बसून फायनल होईल. ह्यात चुकतंय काय?

टिळकवाडीकर: पहिली ओळ बरोबर आहे हो, शेवटचं वाक्य तिला खाऊन टाकतंय. प्रशासकीय म्हणजे हजेरी, रजा, प्रवासाचं व्हाउचर, बसायला खोली. अप्रेझल त्यात कधीपासून आलं?

एप्रिलमध्ये कमिटीने १४ ऑडिटची योजना मंजूर केली असं धरा. त्यात भंगारविक्री आहे आणि एमडींच्या मेव्हण्याच्या ट्रान्सपोर्टची भाडी आहेत. ऑगस्टमध्ये एमडी म्हणतात, फर्नेसचं काम चाललंय, ही दोन पुढच्या वर्षी घ्या. पगारवाढ ज्यांच्या हातात, त्यांना नाही कोण म्हणणार? जानेवारीच्या बैठकीत स्लाइड येते, '१२ पैकी १२ पूर्ण'. सगळे खूश. एप्रिलच्या इतिवृत्तातला १४ चा आकडा कुणी काढून बघत नाही, आणि चोरी पकडायची असेल तर तेवढंच बघावं लागतं.

म्हणून चार्टरमध्ये असं लिहा: योजना आणि वर्षाचं बजेट कमिटी मंजूर करेल, आणि त्यातलं एकही ऑडिट गाळायचं किंवा पुढे ढकलायचं तर आधी कमिटीची मंजुरी. हेडची नेमणूक, पगार, अप्रेझल आणि काढून टाकणं हे कमिटीकडे, एमडींनी फक्त आपलं मत लेखी द्यायचं. मसुदा संबंधित खात्याला द्या, उत्तराला १५ दिवस द्या. उत्तर आलं तर जसंच्या तसं जोडा, नाही आलं तर 'उत्तर मिळाले नाही' असं लिहून रिपोर्ट कमिटीकडे पाठवा. एमडींशी चर्चा जरूर करा, आकडा चुकला असेल तर दुरुस्तही करा. पण मुद्दा गंभीर की किरकोळ, हे हेडने ठरवायचं. पटलं नाही तर दोन्ही बाजू कमिटीपुढे जाऊ देत.

निपाणी_सीएस: एवढं लिहायची गरजच नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३८ मध्येच आहे, इंटर्नल ऑडिटरने ऑडिट कमिटीला रिपोर्ट करायचं. आणि एवढी भीती वाटते तर बाहेरची फर्म नेमा. बाहेरची म्हणजे स्वतंत्रच.

टिळकवाडीकर: कलम १३८ मध्ये रिपोर्ट बोर्डाला आहे साहेब, परत एकदा वाचा. व्याप्ती, पद्धत आणि किती दिवसांनी ऑडिट करायचं, हे कमिटी किंवा बोर्डाने ऑडिटरशी बोलून ठरवायचं, असं कंपनी लेखा नियमांतला नियम १३ म्हणतो. अप्रेझल कुणी करायचं ह्याबद्दल दोन्हीकडे अक्षर नाही. ती मोकळी जागा चार्टरनेच भरायची.

आणि बाहेरच्या फर्मचं बिल कोण पास करतो? सीएफओ. दरवर्षी नूतनीकरणाची शिफारस कुणाची? सीएफओचीच. मग सीएफओच्या खात्यातले मुद्दे 'किरकोळ' मध्येच निघणार. फी आणि मुदत कमिटीने ठरवली तरच बाहेरच्या फर्मला अर्थ.

खानापूरची_कॉस्ट: तुम्ही सगळे कमिटी आहे असं धरून चाललाय. आपल्याकडच्या निम्म्या फाउंड्र्या प्रायव्हेट. उलाढाल २०० कोटी झाली की इंटर्नल ऑडिट लागतं, पण ऑडिट कमिटीची सक्ती नाही. बोर्डावर बाप, दोन मुलं आणि एक सून. तिथे हेडने स्वतंत्र कुणापासून राहायचं?

अथणी_ऊसवाला: माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या कारखान्यात सीझनला तोडणी-वाहतुकीचं प्रत्येक बिल इंटर्नल ऑडिटच्या शिक्क्याशिवाय निघत नाही. प्री-ऑडिट म्हणतात त्याला. पैसे जायच्या आधीच चूक सापडते. हे चार्टरमध्ये कुठे बसवायचं?

टिळकवाडीकर: कुठेच नाही. बाहेर काढायचं.

अथणी_ऊसवाला: का म्हणून? सही करायला भीती वाटते म्हणून? तुम्हा सीए लोकांचं हे नेहमीचंच, वर्षभराने येऊन चूक दाखवायची, पैसे गेल्यावर.

टिळकवाडीकर: भीतीचा प्रश्न नाही अण्णा. शिक्का मारणारा बघतो काय? टन, किलोमीटर, दर, गुणाकार बरोबर. पास. आता त्याच पावत्या महिनाभराच्या एकत्र लावून बघा. एका ट्रॅक्टरचं रिकामं वजन दिवसातल्या पाचही खेपांना नेमकं ४८६० किलो. दोन ट्रॉल्यांना चिखल लागतो, डिझेल कमी होतं, पाचट अडकून राहतं. किलोही हलला नाही म्हणजे रिकामी गाडी काट्यावर चढलीच नाही, संगणकात साठवलेला आकडा उचललाय. रिकाम्या वजनाची वेळ कोरी असेल तर शंकाच नको. शिवाय एकाच गावचं अंतर एका बिलात १८ किलोमीटर, दुसऱ्यात २६. एकेक बिल हातात घेऊन हे दिसत नाही, सगळी एकत्र लावल्यावर दिसतं.

आता हे शोधायचं कुणी? इंटर्नल ऑडिटने. आणि प्रत्येक बिलावर शिक्का कुणाचा? इंटर्नल ऑडिटचाच. स्वतःच्याच शिक्क्याविरुद्ध कमिटीला रिपोर्ट कोण लिहील?

निपाणी_सीएस: हे मात्र खरं आहे. आयआयए ह्या इंटर्नल ऑडिटरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांतही आहे, जे काम स्वतः सांभाळलं त्याचं ऑडिट पुढचे १२ महिने करायचं नाही.

अथणी_ऊसवाला: म्हणजे शिक्का काढला तर चोर मोकळे!

टिळकवाडीकर: शिक्का काढू नका, त्याची जागा बदला. अकाउंट्समध्ये दोन माणसांचा बिल तपासणी विभाग करा, तो सीएफओच्या हाताखाली. शिक्का मारणारी माणसं तिकडेच पाठवा. ऑडिटने महिना संपल्यावर सगळ्या पावत्यांचा डेटा काटा यंत्रणेतून थेट घ्यायचा, शेतकी खात्याने काढून दिलेली एक्सेल नको. चार्टरमध्ये दोन वाक्यं पुरतात: ऑडिटला कुठल्याही नोंदी, जागा, माणसं ह्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येईल, आणि ऑडिट खातं कुठल्याही व्यवहाराला मंजुरी देणार नाही.

अथणी_ऊसवाला: दोन माणसांचा जादा पगार तुम्ही द्या मग. चेअरमनना सांगून बघतो. ऐकतील असं वाटत नाही.

खानापूरची_कॉस्ट: ऊस गेला काट्यावर, माझा प्रश्न राहिला शेतात.

टिळकवाडीकर: ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. घराबाहेरचा एक तरी संचालक बोर्डावर घ्या आणि चार्टरमध्ये त्याचं पद लिहा, की रिपोर्टची प्रत एमडींना जाते त्याच दिवशी त्यालाही जाईल. बँकेचं मोठं कर्ज असेल तर अशा माणसासाठी घरच्यांना तयार करणं जरा सोपं जातं. त्याला बोर्डावरून काढायचं ठरवलं तर चार्टर त्यांना अडवू शकत नाही.

खानापूरची_कॉस्ट: म्हणजे कागदच.

हिशेबी_उद्यमबाग: बरं बाबा, अप्रेझल कमिटीकडे देतो. झालं समाधान? पण कमिटीत तीन जण, त्यातले एक एमडी स्वतः. बैठकीची विषयपत्रिका कंपनी सेक्रेटरी, म्हणजे सीएस करतो, तो एमडींचा माणूस. आता बोला.

टिळकवाडीकर: दोन स्वतंत्र आणि एक एमडी, हे कायद्यात बसतं. म्हणूनच बंद दाराची बैठक लागते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलंय, ऑडिट हेड एमडींना रिपोर्ट करत असेल तर कमिटीने त्याला तिमाहीत एकदा तरी एमडी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांशिवाय भेटायचं. तुम्हाला ते बंधनकारक नाही, पण कलम उचला. एमडी कमिटीचे सदस्य असले तरी त्या १५ मिनिटांना बाहेर, सीएससुद्धा बाहेर, आणि काही सांगायचं नसलं तरी बैठक घ्यायचीच. मागणी झाली तरच घ्यायची ठेवली, तर ज्या दिवशी हेड मागेल त्या दिवशी सगळ्या ऑफिसला कळेल काहीतरी सापडलंय. इतिवृत्तात फक्त 'भेट झाली' एवढंच. आणि हेडला कमिटीच्या अध्यक्षांना थेट फोन करायची मुभा लिहून ठेवा.

निपाणी_सीएस: सीएस बाहेर? मग इतिवृत्त कोण लिहिणार, अध्यक्ष?

टिळकवाडीकर: दोन शब्द आहेत, लिहितील की.

हिशेबी_उद्यमबाग: एमडींना त्यांच्याच कमिटीतून १५ मिनिटं बाहेर बसा म्हणून सांगायचं कुणी, तेही लिहा चार्टरमध्ये. मी तर सांगणार नाही.