अनुभव धागा : मुहूर्तांवर चालणारे घर आणि महिन्याचा खर्च

सुनंदा_मिरज

नव्या वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर लावताना नजर आपोआप मे महिन्यावर गेली. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ असल्याचे दिसले आणि मला आईची निळ्या पुठ्ठ्याची वही आठवली. माझे वडील लग्नकार्यांत आचारी होते. नवे पंचांग घरात आले की आई लग्नाचे मुहूर्त महिनावार मोजून त्या वहीत उतरवत असे आणि त्यावरून वर्षाचे धान्य किती भरायचे, कोणाचे कपडे कधी घ्यायचे, हे ठरवत असे. वडिलांना महिन्याला किती मिळते, या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नव्हते. वर्षात किती कार्ये मिळतील, याचा अंदाज मात्र तिचा सहसा चुकत नसे.

माझे पती लग्नांचे फोटो काढतात आणि घरात दुसरी मिळकत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सरासरी काढून खर्च ठरवला आणि तिथेच फसले. मदतनीस, प्रवास, अल्बमची छपाई हे सगळे वजा जाता वर्षाला सुमारे ३,९०,००० रुपये हाती येत होते, म्हणजे महिन्याला ३२,५००. म्हणून मी दरमहा ३०,००० रुपये निर्धास्तपणे खर्च करू लागले. परंतु त्यातले ३,६०,००० नोव्हेंबर ते जून या काळात येत होते आणि जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत मिळून केवळ ३०,०००. त्यात शाळेची फी आणि विम्याचा हप्ता मी महिन्याच्या हिशेबात धरलेच नव्हते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या.

आता आम्ही असे करतो. शाळेची फी, विमा, घरपट्टी, दिवाळी असे वर्षातून एकदाच येणारे खर्च आमच्याकडे सुमारे ६०,००० आहेत आणि कॅमेऱ्याच्या दुरुस्तीसाठी ३०,००० बाजूला लागतात. ते काढल्यावर ३,००,००० उरतात, म्हणजे महिन्याला २५,०००. पण दर वर्षी एखाददुसरे कार्य रद्द होतेच, म्हणून आम्ही २२,०००च धरतो. सगळी कमाई यांच्या धंद्याच्या खात्यात जमा होते आणि १ तारखेला तिथून माझ्या खात्यात २२,००० येतात. मे महिन्यात ९०,००० मिळाले तरी तेवढेच येतात आणि ऑगस्टमध्ये ५,००० मिळाले तरी तेवढेच.

यात माझ्या दृष्टीने खरा आकडा एकच आहे आणि तो म्हणजे ३० जूनची शिल्लक. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांना १,१०,००० लागतात. त्यातून पावसाळ्यातली ३०,००० मिळकत वजा केली आणि दिवाळीचे १०,००० मिळवले, तर ३० जूनला खात्यात ९०,००० असलेच पाहिजेत. नोव्हेंबरची कमाई मी या हिशेबात धरत नाही, कारण उरलेली रक्कम लोक अल्बम हाती आल्यावरच देतात. ही बेरीज आम्ही १ मे रोजी करतो. आकडा गाठला जाणार नाही असे दिसले, तर मे महिन्यापासूनच घरखर्च १९,००० वर आणतो. ऑगस्टमध्ये कळले तर कमी करण्यासारखे काही उरलेलेच नसते.

यंदा अधिक मासामुळे मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पूर्वार्ध दोन्ही जातात. कार्तिकी एकादशीही उशिरा येत असल्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होईल. म्हणजे पाचऐवजी सहा महिन्यांची तरतूद हवी आणि ९०,००० चे १,१२,००० होतात. शाळेची फी मात्र जूनमध्येच भरावी लागेल. ज्यांच्या घरी अशी एकच आणि अनियमित मिळकत आहे, त्यांनी आपला हिशेब कसा बसवला ते कृपया लिहावे.

निवृत्त_टपाली

सुनंदाताई, ३० जूनच्या शिल्लकेचा विचार मला फार पटला. मी टपाल कार्यालयात काउंटरवर बरीच वर्षे काढली आणि हंगामी मिळकतीची माणसे आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत, अडकून पडताना पाहिली. ते खाते दरमहा ठरावीक रक्कम मागते. हप्ता चुकला की १०० रुपयांमागे १ रुपया दंड लागतो आणि चार हप्ते चुकले की खाते खंडित होते; पुढच्या दोन महिन्यांत ते पुन्हा चालू करून घ्यावे लागते. आपल्यासारख्यांचे जुलै ते ऑक्टोबर हे नेमके चार महिने असतात. मात्र याच खात्यात हप्ते आगाऊ भरण्याची सोय आहे आणि किमान सहा हप्ते एकदम भरल्यास सूटही मिळते, हे फार थोडे लोक विचारतात. मेमध्ये पैसे असतानाच पुढचे सहा हप्ते भरून टाकावेत.

पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरले की पुरते आणि ते वर्षात केव्हाही भरता येतात, म्हणून तेही अशा घरांना सोयीचे आहे. परंतु त्यातून पहिली काही वर्षे पैसे काढता येत नाहीत, त्यामुळे ऑगस्टच्या किराण्यासाठी त्याचा उपयोग होणार नाही. ते मुलांच्या शिक्षणासाठीच समजावे.

महेश_लातूर

काका, आरडीपेक्षा म्युच्युअल फंडाची एसआयपी बरी, कारण तिथे हप्ता चुकला तरी कोणी दंड घेत नाही. माझे दोन हप्ते चुकले, पण फंडाने एक रुपयाही कापला नाही.

वैदेही_के

महेश, फंड दंड घेत नाही हे खरे आहे, पण खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता परत गेला की बँक आपले शुल्क लावते. आपले पासबुक एकदा तपासून पाहावे. शिवाय महिन्याच्या एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते गेले नाहीत, तर ती बंद होते. माझी अशीच बंद झाली होती. आता मी जूनमध्येच ती काही महिने स्थगित ठेवण्याचा अर्ज देते. हा अर्ज हप्त्याच्या तारखेच्या पुरेसा आधी द्यावा लागतो.

महेश_लातूर

पासबुक पाहिले. दोन्ही वेळा बँकेने पैसे कापलेले आहेत आणि ते माझ्या लक्षातच आले नव्हते. धन्यवाद, ताई.

बागायतदार_रत्नागिरी

आमच्याकडे हापूसची बाग आहे. तुमचे पैसे आठ महिने येतात, आमचे जेमतेम अडीच महिने. त्याआधी मोहोराच्या वेळी फवारण्यांचा खर्च होतो, मग राखण, काढणी, पेट्या, गाडीभाडे. वाशीच्या दलालाकडून हंगामाआधी उचल घेतली, तर माल त्यालाच द्यावा लागतो आणि पट्टी येते तेव्हा उचल आधीच वळती झालेली असते. माझ्या वडिलांनी घर या उचलीवरच चालवले आणि मलाही त्यातून बाहेर पडायला सहा हंगाम लागले. दर वर्षी उचल थोडी थोडी कमी घेतली आणि तेवढा घरखर्च आदल्या वर्षीच्या पट्टीतून बाजूला ठेवला. पाऊस अवेळी आला आणि मोहोर गळला की हा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो, हेही सांगून ठेवतो.

शैला_बार्शी

मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. ताईंच्या आईप्रमाणे आम्हीही वर्षाची बेगमी करतो. माझे पती विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतात, त्यामुळे आमचा हंगाम फेब्रुवारी ते मे असतो आणि पाऊस लागला की काम थांबते. गहू, ज्वारी, तूरडाळ आणि वर्षाचे तिखट मी एप्रिल-मेमध्येच भरते. त्यामुळे पावसाळ्यात किराण्याच्या यादीत तेल, साखर, चहा आणि भाजी एवढेच उरते आणि २२,००० चे काम १७,००० मध्ये भागते. माझ्या मते ही रोख शिल्लकच आहे, फक्त ती डब्यात असते. डब्यातले धान्य कोणी उसनवारीने नेत नाही. खात्यातले पैसे मात्र मागायला नातेवाईक येतात.

वैदेही_के

शैलाताई, तूरडाळीला किडे लागत नाहीत का? मी गेल्या वर्षी २० किलो घेतली आणि निम्मी ऑगस्टमध्ये टाकून द्यावी लागली. त्यातून बचत न होता नुकसानच झाले.

शैला_बार्शी

डाळ कडक उन्हात दोन दिवस वाळवून, पूर्ण निवल्यावर एरंडेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. गरम असताना भरली की आतून घाम धरते आणि कीड लागते. उन्हाची जागा नसेल, तर डाळ दोन महिन्यांपेक्षा जास्त भरू नये. गहू आणि ज्वारी तेवढी भरावी.

अनुवादक_पुणे

मी घरून भाषांतराची कामे करतो आणि पत्नी दोन लहान मुलांमुळे सध्या घरी आहे. सुनंदाताईंची पद्धत मी दोनदा वाचली, पण ती माझ्याकडे लागू होत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपल्या कडकीचे महिने पंचांगात छापलेले आहेत. माझे काम बारा महिने सारखे असते. बिलाचे पैसे मात्र कधी २० दिवसांनी येतात, तर कधी ११० दिवसांनी. एका ग्राहकाने चार महिने पैसे थकवले, तेव्हा वहीत मिळकत दिसत होती आणि खाते रिकामे होते. मग ३० जूनसारखी तारीख मी कोणती धरायची?

सुनंदा_मिरज

दादा, आपला मुद्दा योग्य आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. एक गोष्ट मात्र आमच्या दोन्ही घरांना सारखी लागू पडेल. पाठवलेले बिल म्हणजे मिळकत नव्हे आणि मिळालेली ॲडव्हान्सही मिळकत नव्हे. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा एप्रिल-मेच्या अकरा लग्नांचे ॲडव्हान्स आम्ही फी आणि किराण्यात खर्च करून बसलो होतो. सात घरांनी पैसे परत मागितले आणि ते देण्यास पुढे चौदा महिने लागले. तेव्हापासून ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात राहते आणि लग्न पार पडल्याच्या दिवशीच ती धंद्याच्या खात्यात येते. आपणही जमा झालेल्या रकमेवरच पुढच्या महिन्याचा घरखर्च ठरवून पाहावा.

अनुवादक_पुणे

तसे करायचे, तर आधी एका महिन्याचा पूर्ण खर्च हाताशी असावा लागेल. सध्या तोच नाही. पण वर्षभरात सर्वांत उशिरा आलेल्या पाच बिलांचे दिवस मोजून तेवढ्या काळाचा साठा किती लागेल, हे आज रात्री काढून पाहतो.

रेखा_इचलकरंजी

आम्ही भिशीवर भागवतो. बारा जणी, महिन्याला २,००० रुपये, आणि मला ऑगस्टचा नंबर द्यावा, अशी मी आधीच विनंती करून ठेवते. त्या महिन्यात २४,००० हाती येतात. बाकीच्या बायकांना दिवाळी किंवा लग्नसराई हवी असते, त्यामुळे ऑगस्टला कोणी हरकत घेत नाही.

निवृत्त_टपाली

रेखाताई, भिशीला कागद नसतो, हे लक्षात ठेवावे. माझ्या बहिणीच्या भिशीतल्या एका बाईंनी तिसऱ्या महिन्यात रक्कम उचलली आणि पुढचे हप्ते दिलेच नाहीत. शेवटी नंबर असलेल्या चौघींचे नुकसान झाले. आपला नंबर आठवा-नववा असेल, तर तोवर भरलेले १६-१८ हजार आपण निव्वळ विश्वासावर देत असता.

रेखा_इचलकरंजी

काका, आमच्या बाराही जणी एकाच गल्लीतल्या आहेत आणि भिशी नऊ वर्षे सुरळीत चालली आहे. तरी आपले म्हणणे घरी सांगते. यांचे यंत्रमागाचे काम मंदीत आठवडेच्या आठवडे बंद असते, तेव्हा बँकेतले पैसे माझ्याकडून मोडले जातात; भिशीतले मोडता येत नाहीत. मला तरी दुसरा मार्ग सापडलेला नाही.

बागायतदार_रत्नागिरी

सुनंदाताई, एक विचारायचे राहिले. घरखर्च १९,००० वर आणता, तेव्हा नेमके काय कमी करता? आमच्याकडे दर वेळी तिथेच वाद होतो.

सुनंदा_मिरज

दादा, ते आम्ही मेमध्ये न ठरवता जानेवारीतच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो. बाहेरचे खाणे, नवे कपडे आणि माझ्या माहेरची एक फेरी, अशा तीन ओळी आहेत. मुलाची शिकवणी आणि सासूबाईंची औषधे त्या पानावर येणार नाहीत, हे दोघांनी मिळून ठरवले आहे. यंदा ते पान लिहायला या रविवारी बसणार आहोत. सहाव्या महिन्याचे २२,००० त्या तीन ओळींतून निघणार नाहीत, त्यामुळे चौथी ओळ कोणती असावी, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.